समृद्धीच्या वाटेवर भूखंडाला नकार का मिळाला?

शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला मराठवाड्यातल्या गावांनी विरोध केला, त्याआधी समृद्धी महामार्गाचा अनुभव इथल्या शेतकऱ्यांच्या पदरी होता. नागपूर ते मुंबई या 701 किलोमीटरच्या रस्त्याची घोषणा 2015 मध्ये झाली. मराठवाड्यात तो जालना आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांतून जातो. सुरुवातीला सरकारचा भर भूसंचयनावर, म्हणजे लँड पूलिंगवर होता. आंध्र प्रदेशात अमरावती राजधानीसाठी तेच चाललं होतं.

योजना अशी होती. शेतकऱ्यानं जमीन द्यायची आणि महामार्गालगतच्या नवनगरात, म्हणजे कृषी समृद्धी केंद्रात, विकसित भूखंड घ्यायचा. जिरायतीला दिलेल्या क्षेत्राच्या 25 टक्के, बागायतीला 30 टक्के. शिवाय दहा वर्षं वार्षिक रक्कम: जिरायतीला हेक्टरी 50 हजार, बागायतीला एक लाख, दरवर्षी दहा टक्के वाढ.

एक हेक्टर जिरायत गेली असं धरू. हाती 2,500 चौरस मीटरचा बिगरशेती भूखंड आणि दहा वर्षांत मिळून सुमारे आठ लाख रुपये. भूखंडाला चांगला भाव आला तर सौदा फायद्याचा. पण भाव यायला आधी तिथे वस्ती हवी, उद्योग हवेत. अमरावतीला शेजारी विजयवाडा होतं. इथे वैजापूरच्या माळावर शहर उभं राहील, या एकाच भरवशावर सगळा हिशेब टेकला होता. आणि पहिल्या वर्षाचे 50 हजार, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या आसपास. लागोपाठच्या दुष्काळानं कर्जात गेलेल्या घराला त्यात तग कसा धरता येणार? सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर भूखंडाची वाटणी हा आणखी एक पेच.

विरोध वाढला तेव्हा थेट खरेदीचा पर्याय पुढे आला. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुप्पट, त्यावर तेवढाच दिलासा, म्हणजे चौपट. संमतीनं दिल्यास त्यावर आणखी 25 टक्के. असा पाचपट भाव झाला आणि बहुतेकांनी रोख घेतली. माझ्या मते त्यांचा निर्णय शहाणपणाचा होता. 2019 नंतर अमरावतीचं काम रखडलं आणि जमीन देऊन बसलेले तिथले शेतकरी वर्षानुवर्षं आंदोलन करत राहिले.

पैसे मिळाले, पण सगळीकडे टिकले नाहीत. महामार्गाच्या आसपास जमिनीचे भाव चढले, त्यामुळे गेलेल्या जमिनीएवढी जमीन शेजारी घेणं जमेना. 2025 मध्ये रस्ता पूर्ण झाला. नवनगरं त्याच्यासोबत उभी राहिली नाहीत. म्हणून आज कुणी भूखंडाचं आश्वासन घेऊन आलं, की गावकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, भूखंड नेमका कुठल्या गटात आणि ताबा कधी.