`666` मधून `022` वजा होत नाही: `umask`ची पार्श्वभूमी

लिनक्स शिकवताना नव्या फाइलच्या परवानग्यांचं गणित साधारण असं सांगतात: फाइलसाठी `666` घ्या, डिरेक्टरीसाठी `777` घ्या, त्यातून `umask` हा परवानग्या कमी करणारा आकडा वजा करा. `022` असेल तर `644` आणि `755`. उत्तर बरोबर येतं, म्हणून पद्धतही बरोबर आहे असं वाटतं. मीही बरीच वर्षं हेच शिकलो आणि हेच शिकवलं. पण तिथे वजाबाकी होत नाही, आणि `666` हा आकडा कर्नलमध्ये नियम म्हणून कुठे लिहिलेलाही नाही. तो आला कुठून हे कळायला १९७०च्या दशकातल्या, युनिक्स जिथे घडलं त्या बेल लॅब्जमध्ये जावं लागतं.

१९७१च्या पहिल्या युनिक्समध्ये फाइलच्या परवानग्या अगदी मोजक्या होत्या. मालकाला वाचता-लिहिता येतं का, मालक सोडून बाकीच्यांना वाचता-लिहिता येतं का, आणि फाइल चालवता येते का. मधला ‘गट’ नंतर आला, आणि त्यानंतर मालक, गट, इतर अशी आजची तीन खान्यांची मांडणी झाली. दर खान्यात वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १. `ls -l` मध्ये दिसणारी `rw-r--r--` ही त्याच आकड्यांची अक्षरं.

नवी फाइल तयार करायला प्रोग्रॅम कर्नलकडे `creat` ही मागणी करायचा, आणि तिच्यासोबत परवानग्या कोणत्या हव्यात हेही सांगायचा. म्हणजे फाइल कोणाला दिसणार हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलेलं असायचं आणि ते कोडमध्येच कोरलेलं असायचं. वापरणाऱ्याला ते पटलं नाही, तर फाइल तयार झाल्यावर हाताने `chmod` करणं एवढाच उपाय होता. पाच-पंचवीस ओळखीची माणसं एक यंत्र वापरत होती तोवर हे खपून गेलं. पुढे त्याच यंत्रावर वेगवेगळ्या विभागांची, एकमेकांना न ओळखणारी माणसं आली. एखादी फाइल नको त्याच्या हाती लागली की त्या एका प्रोग्रॅमचा आकडा कडक करायचा, असं काही काळ चाललं. पण दर एडिटर, दर कंपायलर, दर छोटं साधन असं एकेक करून दुरुस्त करणं कधी संपणारं नव्हतं. शिवाय एका विभागाला जे कडक हवं, ते दुसऱ्याला अडचणीचं.

१९७९मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत यावर `umask` हा उपाय आला. तो इतका छोटा आहे की बघून समाधान वाटतं. दर प्रोसेसच्या नोंदीत `u_cmask` नावाचा एक आकडा ठेवला, आणि नवी फाइल जिथे जन्माला येते त्या एकाच जागी ही ओळ घातली:

```
ip->i_mode = mode & ~u.u_cmask;
```

`mode` म्हणजे प्रोग्रॅमने मागितलेल्या परवानग्या. `u_cmask` म्हणजे वापरणाऱ्याने नाकारलेल्या परवानग्या. `~` हे चिन्ह मास्कमधले बिट उलटे करतं, आणि `&` हे दोन्हीकडे शिल्लक राहिलेले बिट तेवढे ठेवतं. प्रोग्रॅम एकही न बदलता सगळ्या प्रोग्रॅमांचं वागणं बदलता आलं, ते या एका ओळीमुळे.

मास्क असा उलटा का, म्हणजे ‘काय द्यायचं’ हे न सांगता ‘काय द्यायचं नाही’ हे का सांगतो, असं पुष्कळजण विचारतात. त्याच आवृत्तीत `CMASK` ही मूळ किंमत शून्य ठेवली होती, आणि शून्य म्हणजे काहीच नाकारलेलं नाही. ज्याने `umask`ला हात लावला नाही त्याचं यंत्र जुन्यासारखंच चालत राहिलं. त्याहून मोठं कारण असं की मास्क फक्त काढून घेऊ शकतो, स्वतःहून काही देऊ शकत नाही. खाजगी चावी तयार करणारं `ssh-keygen` त्या फाइलसाठी `600` मागतं. तुमचा `umask` शून्य असला, तरी ती फाइल इतरांसाठी उघडी होत नाही. मास्क ‘काय द्यायचं’ असं सांगणारा असता, तर हा भरवसा राहिला नसता.

आता `666`चा उलगडा होतो. तो आकडा `touch`, शेलचं `>` आणि बहुतेक एडिटर मागतात, कारण साध्या मजकुराच्या फाइलला चालवण्याची परवानगी लागत नाही. `mkdir` मात्र `777` मागतं, कारण डिरेक्टरीवरच्या `x`चा अर्थ ‘आत जाता येणं’ असा आहे. आणि C चा प्रोग्रॅम कंपाइल केला की तयार होणारी `a.out` लगेच चालते, ती फाइलच असूनही. लिंकर तिच्यासाठी `x`सकट परवानग्या ठेवतो म्हणून. फाइलला `666` आणि डिरेक्टरीला `777` असा कर्नलचा नियम असता, तर कंपाइल केलेल्या दर प्रोग्रॅमला वेगळं `chmod +x` करावं लागलं असतं.

वजाबाकीची पद्धत कुठे फसते ते `033` घेऊन बघा. `666` वजा `033` म्हणजे `633`. तसं असेल, तर गटाला ती फाइल लिहिता आणि चालवता येईल, पण वाचता येणार नाही. प्रत्यक्षात असं होतं:

```
666    110 110 110
033    000 011 011
       -----------
644    110 100 100
```

मास्कमधल्या ३ मध्ये लिहिण्याचा आणि चालवण्याचा असे दोन बिट आहेत. प्रोग्रॅमने चालवण्याचा मागितलाच नव्हता, त्यामुळे तिथे काढून घेण्यासारखं काही नाही. लिहिण्याचा गेला, वाचण्याचा राहिला, उत्तर `644`. वजाबाकीत मात्र नसलेला बिटही वजा होतो आणि शेजारच्या बिटातून उसना घेतला जातो. `022` आणि `002` ला उत्तर जुळतं ते एवढ्यासाठीच, की त्यांत फक्त लिहिण्याचा बिट आहे आणि तो `666` मध्ये असतोच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा मास्क फाइलचा नाही, डिरेक्टरीचा नाही, तर प्रोसेसचा आहे. तो आईकडून मुलीकडे जातो: शेलमधून सुरू केलेली दर प्रोसेस शेलचा मास्क घेऊन जन्मते. म्हणूनच `umask` हा सातव्या आवृत्तीच्या शेलपासूनच `cd`सारखा शेलच्या आतला हुकूम आहे. तो वेगळा प्रोग्रॅम असता, तर त्याने स्वतःचा मास्क बदलला असता आणि संपून गेला असता. शेलचा होता तसाच राहिला असता.

हे न कळल्यामुळे मी एकदा जवळजवळ आठवडा घालवला. ऑफिसातल्या सर्व्हरवर चौघांनी मिळून वापरायची `/srv/ahaval` ही डिरेक्टरी मी केली होती. गट `hishob`, परवानग्या `2775`. पुढचा २ म्हणजे सेटजिड. त्यामुळे आत तयार होणारी दर फाइल आपोआप `hishob` गटाची होते. तरी रोज सकाळी तक्रार यायची, की काल दुसऱ्याने केलेली फाइल उघडते पण सेव्ह होत नाही. फाइल अशी दिसायची:

```
-rw-r--r-- 1 meena hishob 18240 masik.csv
```

गट बरोबर होता, पण गटाच्या खान्यात `w` नव्हता. सेटजिड गट ठरवतं, परवानग्या ठरवत नाही. त्या `umask`च्या हातात, आणि सगळ्यांचा `umask` होता `022`. मी `chmod g+w` करायचो, दुसऱ्या दिवशी नव्या फाइली पुन्हा तशाच. हवा होता `002`.

मग सगळीकडे `002`च का नसतो? याचं उत्तरही इतिहासातच आहे. जुन्या यंत्रांवर सगळ्या वापरणाऱ्यांना `users` किंवा `staff` अशा एकाच मूळ गटात टाकायची पद्धत होती. तिथे `002` ठेवला की तुमच्या घरच्या डिरेक्टरीतली दर नवी फाइल सगळ्यांना बदलता येणार. म्हणून `022` रूढ झाला. पुढे रेड हॅट लिनक्सने दर वापरणाऱ्याला त्याच्याच नावाचा, तो एकटाच सभासद असलेला गट द्यायला सुरुवात केली. गटात दुसरं कोणी नाही, त्यामुळे घरी `002` निर्धोक, आणि सामायिक डिरेक्टरीत तोच `002` हवा तसा उपयोगी. `002` लावण्याआधी `id` देऊन आपला मूळ गट कोणता हे बघायचं ते यासाठी.

मी चौघांच्या प्रोफाइलमध्ये `umask 002` घातला. तरी एक फाइल `644`च येत राहिली. ती रात्री क्रॉनमधून तयार होत होती, आणि क्रॉन लॉगिनच्या वेळची प्रोफाइल वाचत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच `umask 002` लिहिल्यावर ते थांबलं. सिस्टमडीच्या सिस्टम सर्व्हिसचंही असंच: युनिट फाइलमध्ये `UMask=` दिलं नाही, तर तिथे `0022` धरला जातो, तुमच्या प्रोफाइलमध्ये काहीही असो.

चालू प्रोसेसचा मास्क बघायची सोय मात्र फार उशिरा आली. मूळ रचनेत मास्क नुसता वाचता येत नाही. नवा ठेवला की जुना परत मिळतो, एवढंच. म्हणजे वाचायला आधी बदलायचा, मग पूर्ववत करायचा. अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये त्या क्षणभरात दुसऱ्या थ्रेडने फाइल तयार केली, तर ती चुकीच्या परवानग्या घेऊन जन्मते. २०१६च्या लिनक्स ४.७पासून हे बाहेरून बघता येतं:

```
grep Umask /proc/1234/status
```

`1234`च्या जागी प्रोसेसचा क्रमांक घालायचा. फाइल चुकीच्या परवानग्यांची येत असेल, तर ती तयार करणाऱ्या प्रोसेसचा मास्क आधी बघावा, स्वतःच्या शेलचा नव्हे.

सामायिक डिरेक्टरीत कोण कुठून लिहिणार यावर ताबाच नसेल, तर डिरेक्टरीवर डिफॉल्ट एसीएल, म्हणजे आतल्या नव्या फाइलींसाठी परवानग्यांची वेगळी यादी, लावता येते:

```
setfacl -d -m g:hishob:rwx /srv/ahaval
```

वरच्या डिरेक्टरीला अशी एसीएल असली, की लिनक्स आत तयार होणाऱ्या फाइलसाठी `umask` बघतच नाही. प्रोग्रॅमची मागणी आणि एसीएल या दोहोंतून परवानग्या ठरतात. `touch` केलेली फाइल `rw-rw-r--+` अशी येते, शेल `022` दाखवत असला तरी. शेवटचा `+` दिसला की वरचं सगळं गणित बाजूला ठेवायचं आणि `getfacl` चालवायचं.