चॉकलेट कसंही मोडा, २३ म्हणजे २३

चॉकलेटचा एक बार घ्या. आडव्या चार ओळी, प्रत्येक ओळीत सहा चौकोन, एकूण २४. हे सगळे चौकोन सुटे करायचे आहेत. नियम एवढाच, की एका वेळी एकच तुकडा हातात घ्यायचा आणि तो एका खाचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ मोडायचा. कमीत कमी किती वेळा मोडून काम होईल?

बहुतेकांना वाटतं की मधोमध मोडत गेलं तर लवकर उरकेल, आणि एकेक पट्टी काढत बसलं तर वेळ लागेल. हिशेब मांडून बघू.

आधी ओळी सुट्या करू. चार ओळी वेगळ्या करायला ३ वेळा मोडावं लागतं. आता सहा-सहा चौकोनांच्या चार पट्ट्या हातात आहेत आणि प्रत्येक पट्टीला ५ वेळा मोडायचं आहे, म्हणजे २०. एकूण २३.

उलट करू. आधी उभ्या पट्ट्या काढू. सहा पट्ट्यांसाठी ५ वेळा, मग चार चौकोनांची प्रत्येक पट्टी ३ वेळा, म्हणजे १८. पुन्हा २३.

आता ते मधोमध मोडणं. पहिल्यांदा मोडल्यावर चार बाय तीनचे दोन तुकडे होतात. ते दोन्ही आडवे मधोमध मोडले, म्हणजे आणखी २ वेळा, की दोन बाय तीनचे चार तुकडे. त्या चारांना पुन्हा आडवं मोडलं, आणखी ४ वेळा, की तीन-तीन चौकोनांच्या आठ पट्ट्या. प्रत्येक पट्टी २ वेळा, म्हणजे १६. बेरीज करा: १, २, ४ आणि १६. तेवीसच.

तीन वाटांची बेरीज एक आली म्हणून सगळ्या वाटांची तीच येईल असं म्हणता येत नाही. एवढ्याशा बारला मोडण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत की कागदावर एकेक तपासत बसणं शक्य नाही. तशी गरजही नाही, कारण मोजायची गोष्ट बदलली की सगळं एका ओळीत उलगडतं. कुठे मोडलं, केवढा तुकडा मोडला, हे विसरून जा. फक्त समोर किती तुकडे आहेत ते मोजा.

सुरुवातीला तुकडा एक. एकदा मोडलं की हातातला एक तुकडा जातो आणि त्याच्या जागी दोन येतात. म्हणजे तुकड्यांची संख्या बरोबर एकने वाढते. तुकडा मोठा असो की दोनच चौकोनांचा, खाच मधली असो की कडेची, वाढ एकच. एकापासून चोविसापर्यंत पोहोचायचं आहे आणि दर वेळी पाऊल एकाचंच पडतं, तेव्हा पावलं २३ पडणार. २२ मध्ये कुणी पोहोचू शकत नाही आणि २४ लागतील असा गोंधळही कुणी घालू शकत नाही. शोधायला डावपेच नाहीतच, सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या आहेत.

याच हिशेबाचा एक व्यवहारी उपयोग आहे. मध्ये कधीही थांबा, तुकड्यांची संख्या मोडण्याच्या संख्येपेक्षा एकने जास्त असली पाहिजे. दहा वेळा मोडलं असेल तर समोर अकरा तुकडे हवेत. एखादा पोटात गेला असेल तर तोही धरायचा. बदलांच्या गर्दीत अशी जी एक गोष्ट जागची हलत नाही तिला गणितात इन्व्हेरियंट म्हणतात. इथे तो आहे ‘तुकडे वजा मोडणं’, आणि त्याची किंमत पहिल्यापासून शेवटपर्यंत १ राहते. सुरुवातीला दोन बार असतील, एक २४ चौकोनांचा आणि एक १२ चा, तर ही किंमत २ असेल आणि ३६ चौकोनांसाठी ३४ वेळा मोडावं लागेल.

बाद फेरीच्या स्पर्धेत हाच हिशेब उलटा चालतो. तिथे प्रत्येक सामन्यात नेमका एक जण बाहेर पडतो. विम्बल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात आणि विजेता एक, म्हणून सामने १२७. सोडत कशीही निघो, कुणाला कुठल्याही फेरीत पुढे चाल मिळो, १२७ जणांना बाहेर काढायला तेवढेच सामने (चाल मिळाली तर तोही एक सामना धरून).

पण ‘एका वेळी एकच तुकडा’ ही अट सुटली की सगळं बदलतं. नारळाच्या वड्या आठवा. ताटात थापलेल्या गोळ्याच्या कडा सरळ करून घेतल्या आणि चार बाय सहा वड्या पाडायच्या ठरवल्या, तर सुरी आठच वेळा फिरते: तीनदा एका दिशेने आणि पाचदा आडवी. २३ कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. वड्या जागच्या हललेल्या नाहीत, त्यामुळे चौथ्यांदा फिरलेली सुरी एकदम चार पट्ट्या कापत जाते. त्या एका फेरीत तुकडे चाराने वाढतात, एकाने नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत ३ आणि पुढच्या पाच फेऱ्यांत चार-चार म्हणजे २०, असे मिळून २३ तुकडे वाढले, फक्त सुरी कमी वेळा उचलली.

तुकडे एकमेकांवर रचून कापायची मुभा दिली तर आठाचेही पाच होतात. बार मधोमध कापा, दोन्ही अर्धी एकावर एक ठेवून कापा, मग चार तुकडे रचून कापा. तीन कापांत तीन-तीन चौकोनांच्या आठ पट्ट्या झाल्या. त्या रचून चौथ्या कापात प्रत्येकीचा एक चौकोन वेगळा काढा. उरलेल्या दोन-दोन चौकोनांच्या आठ जोड्या रचून पाचवा काप. चारांत का होत नाही? कारण रचूनही एका कापात तुकडे फार तर दुप्पट होतात: २, ४, ८, १६. चार काप झाले तरी सोळाच, आणि आपल्याला चोवीस हवेत. म्हणजे रचण्याच्या खेळात युक्तीला वाव आहे, कारण तिथे एका कापात तुकडे कितीने वाढतील हे कापणाऱ्याच्या हातात असतं. अर्थात आठ थरांचं चॉकलेट हाताने मोडत नाही, तिथे सुरीच लागते.

आता हिशेब चुकतो कुठे ते बघू. मोजणी जुळली नाही तर कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. तुकडे अपेक्षेपेक्षा कमी भरले, तर एखाद्या वेळी ‘मोडलं’ असं मोजलं गेलं पण तुकडा सुटलाच नाही. उन्हाळ्यात हे हमखास होतं. चॉकलेटमधलं कोको बटर ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. मग बार कटकन तुटण्याऐवजी वाकतो, खाचेत अर्धवट चीर पडते आणि वेष्टणातून बघणाऱ्याला तो मोडल्यासारखा वाटतो. तुकडे जास्त भरले, तर एकदा मोडताना तीन तुकडे झाले. फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या बारचं असं होतं. तो इतका ठिसूळ असतो की तडा खाच सोडून शेजारच्या चौकोनात शिरतो आणि त्याचा कोपरा उडवतो. तो कोपरा तुकडा म्हणून मोजला की शेवटी २४ ऐवजी २५ तुकडे भरतात आणि मोडणं मात्र २३ च. सिद्धांत चुकत नाही, ‘एकाचे दोन’ ही अट त्या एका वेळी मोडलेली असते.

तुकड्याचा आकारही इथे महत्त्वाचा आहे. आयताला सरळ रेषेत मोडलं की दोनच तुकडे होतात आणि तेही आयतच, म्हणून आपल्या बारमध्ये ही भानगड उद्भवत नाही. पण इंग्रजी यू अक्षरासारखा तुकडा समजा. त्याचे दोन्ही पाय एकाच सरळ रेषेत मोडले तर तळ एक आणि पाय दोन, असे एकदम तीन तुकडे होतील. अशा आकारांच्या बारला मोडण्याची संख्या कुठून सुरुवात केली यावर अवलंबून राहू शकते. एक कोपरा आधीच खाल्लेला बार मात्र तसा नाही. त्याला कुठल्याही खाचेवर सरळ मोडलं तरी दोनच तुकडे होतात, त्यामुळे २३ चौकोनांसाठी बरोबर २२.

यातून एक छोटा लबाड खेळ तयार होतो. दोघांनी आळीपाळीने एकेक तुकडा मोडायचा, शेवटचा मोडणारा जिंकला. दिसायला बुद्धिबळासारखा विचार करायला लावणारा, पण निकाल पहिल्या चालीआधीच लागलेला असतो. चार बाय सहाला २३ चाली, विषम संख्या, म्हणून सुरुवात करणारा जिंकणार, त्याने डोळे मिटून खेळलं तरी. पाच बाय पाचला २४, तिथे दुसरा जिंकणार. चौकोनांची एकूण संख्या सम असेल तर पहिला, विषम असेल तर दुसरा. समोरच्याला हे माहीत नसेल तर बार बघून ‘तू आधी’ किंवा ‘मी आधी’ एवढं म्हणणं हीच काय ती चाल. फक्त बार फ्रिजमधला नको. एकदा जरी तीन तुकडे झाले आणि तिसऱ्याला तुकडा मानलं, तर पारडं फिरू शकतं.

मग मोडण्याच्या क्रमाने काहीच फरक पडत नाही का? किती वेळा मोडायचं, यात नाही. आणखी एका गोष्टीतही नाही. चौकोनाची बाजू एक एकक धरली, तर शेजारशेजारच्या चौकोनांमधल्या खाचांची एकूण लांबी ३८ आहे: आडव्या तीन खाचा सहा-सहाच्या म्हणजे १८, उभ्या पाच चार-चारच्या म्हणजे २०. यातली प्रत्येक एकक खाच कधी ना कधी एकदाच तुटणार. म्हणून २३ वेळा मिळून तुटलेली लांबीही कायम ३८ च.

फरक पडतो तो लांब खाच मोडण्याची किंमत वेगळी लावली की. समजा, मोडण्याची किंमत लांबीच्या वर्गाइतकी आहे: एक चौकोन लांबीला १, तीनला ९, सहाला ३६. आधी ओळी सुट्या करणाऱ्याला तीनदा ३६ म्हणजे १०८ आणि पुढचे २०, एकूण १२८ मोजावे लागतील. आधी उभ्या पट्ट्या काढणाऱ्याला पाचदा १६ म्हणजे ८० आणि पुढचे १८, एकूण ९८. मधोमध मोडणाऱ्याला १६, मग दोनदा ९, मग चारदा ९, मग १६, एकूण ८६. त्याने दोन बाय तीनचे चार तुकडे आडवे मोडण्याऐवजी उभे मोडले असते, म्हणजे तीनऐवजी दोन लांबीच्या खाचेवर, तर प्रत्येक तुकड्याला १३ ऐवजी ११ पडले असते आणि एकूण ७८ वर काम भागलं असतं. मोडणं तेवढंच, २३ वेळा. लांबी तेवढीच, ३८.