उवा पुन्हा का होतात? तेरा दिवसांचे गणित

रविवारी मुलीच्या डोक्यात फणी घालून भरपूर उवा काढल्या, तरी पुढच्या रविवारी त्या पुन्हा सापडतात. दोष बहुधा शाळेतल्या शेजारच्या मुलीला दिला जातो. पुष्कळदा मात्र या उवा बाहेरून आलेल्याच नसतात. मागच्या वेळी केसांत राहून गेलेल्या लिखा फुटून त्या आलेल्या असतात.

लीख म्हणजे उवेचे अंडे. मादी ते केसाच्या मुळाशी, त्वचेपासून साधारण ६ मिलिमीटरच्या आत, केसाला घट्ट चिकटवते. ते ७ ते १० दिवसांत फुटते. पिल्लाची वाढ पुरी होऊन त्याने स्वतः अंडी घालायला आणखी ९ ते १२ दिवस लागतात. काम साधायचे ते याच मधल्या काळात. प्रत्येक पिल्लू वयात येण्याआधी फणीत सापडले, तर नवी लीख पडतच नाही. म्हणून फणी आठवड्यातून एकदा फिरवून भागत नाही. ती पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी फिरवायची.

उदाहरणार्थ, पहिला दिवस रविवार धरू. त्या सकाळी घातलेली लीख पुढच्या रविवार ते बुधवारच्या दरम्यान फुटेल. पाचवा दिवस गुरुवार, नववा सोमवार आणि तेरावा शुक्रवार. म्हणजे सर्वांत उशिरा फुटलेले पिल्लूही शुक्रवारी जेमतेम दोन दिवसांचे असते आणि हाती लागते. सतराव्या दिवशी, मंगळवारी, पुन्हा तपासायचे.

फणी निवडताना दातांमधली फट पाहावी. ती ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी हवी, नाहीतर लहान पिल्ले निसटतात. प्लास्टिकच्या फणीचे दात वाकतात आणि फट रुंदावते, त्यामुळे लांब दातांची धातूची फणी चांगली. कोरड्या केसांत ऊ झपाट्याने पळते. केस धुऊन ओले असतानाच भरपूर कंडिशनर लावला की तिची हालचाल मंदावते आणि फणीही सरकते. कंडिशनर नसेल तर खोबरेल तेल चालते, पण नुसत्या तेलाने उवा मरतील असे धरून चालू नये. आधी रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढावा. मग केसांचे भाग पाडून फणीच्या रुंदीपेक्षा बारीक बट घ्यावी, फणी मुळाशी त्वचेला टेकवावी आणि टोकापर्यंत एका ओढीत आणावी. प्रत्येक ओढीनंतर ती पांढऱ्या कापडावर पुसून पाहावी. कानांमागे आणि मानेवर बटा दोनदा विंचराव्यात, कारण उवा तिथेच जास्त असतात. कमरेपर्यंतच्या केसांना अर्धा तास सहज लागतो. घाई केली की नेमकी मुळाशी फणी टेकत नाही, आणि लिखा तिथेच असतात.

कापडावर काय मिळते, त्यावरून बरेच कळते. पाचव्या-नवव्या दिवशी फक्त बारीक पिल्ले दिसली, तर सगळे ठीक चालले आहे. तिळाएवढी मोठी ऊ दिसली, तर ती पहिल्या दिवशी सुटली असावी किंवा दुसऱ्या डोक्यातून आली असावी. मग तो दिवस पहिला धरून मोजणी पुन्हा सुरू करावी. त्वचेपासून एक सेंटिमीटरहून दूर असलेल्या लिखा बहुतेक रिकामी टरफले असतात. त्यांच्यासाठी पुन्हा औषध लावू नये.

औषध वापरायचे झाल्यास एक टक्का परमेथ्रिनचे लोशन धुऊन पुसलेल्या केसांवर १० मिनिटे ठेवून धुतात. त्याआधी कंडिशनर लावू नये, औषधाचा परिणाम कमी होतो. लिखा यातून वाचू शकतात, म्हणून साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावावे लागते. दोन वर्षांखालील मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. रॉकेल किंवा ढेकणाचे औषध डोक्याला कधीही लावू नये. रॉकेल पेट घेते, आणि दोन्ही विषारी आहेत.

अंथरुणावर मात्र जरुरीपेक्षा जास्त कष्ट घेतले जातात. रक्त न मिळाल्यास ऊ एक-दोन दिवसांत मरते. त्यामुळे मागच्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादर, टॉवेल आणि रिबिनीच धुवायच्या. पाणी ५४ अंशांपेक्षा गरम हवे. अर्धी बादली उकळते आणि अर्धी नळाचे पाणी घेतले की साधारण तेवढे मिळते. कपडे त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. बादली मुलांपासून दूर ठेवावी. फणी आणि कंगवेही तसेच बुडवावेत. धुता न येणारी लोकरी टोपी पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवावी. गादीवर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही.

ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. ती डोक्याला डोके लागले की चालत जाते. म्हणून घरात सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावीत, एका अंथरुणावर झोपणाऱ्यांची तर आधी. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसेल, त्या सगळ्यांचा पहिला दिवस एकच ठेवावा. पहिल्या वेळी खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात, तेव्हा “मला खाजत नाही” म्हणणाऱ्याचे डोकेही पाहावे. मुलीच्या मैत्रिणींच्या आयांना त्याच दिवशी कळवावे आणि शाळेत जाताना केस घट्ट वेणीत बांधावेत.