चोवीस तासांचं घड्याळ: अटकेपासून दंडाधिकाऱ्यांपर्यंत

अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं, प्रवासाला लागणारा वेळ त्यातून वगळायचा, हा नियम आपल्याला राज्यघटनेतून माहीत असतो. पण तो घटनेहून बराच जुना आहे. 1855 मध्ये मद्रास इलाख्यातल्या पोलीस आणि महसुली छळाची चौकशी झाली. त्या काळात कबुलीजबाब म्हणजे बहुतेक वेळा मारून वदवून घेतलेलं बोलणं, याची इंग्रज सरकारलाही कल्पना होती. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालणार नाही, ही तरतूद 1861 च्या फौजदारी संहितेत आली. आरोपी पोलिसांच्या एकट्याच्या ताब्यात किती वेळ राहणार, यावरची मर्यादा याच अविश्वासातून आलेली आहे. 1898 च्या संहितेत ती कलम 61 मध्ये होती.

घटना समितीत हा मुद्दा काहीशा आडवाटेने आला. जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या आजच्या कलम 21 मधून ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे न्याय्य प्रक्रियेची हमी देणारे शब्द वगळल्याने बरेच सभासद नाराज होते. सप्टेंबर 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कलम 15-अ मांडलं, तेच पुढे कलम 22 झालं. वगळलेल्या गोष्टीची ही भरपाई आहे, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. यातलं बरंचसं संहितेत आधीपासून आहे, मग घटनेत कशाला, या आक्षेपावर त्यांचं उत्तर साधं होतं: कायदेमंडळ संहिता बदलू शकतं, मूलभूत हक्क तितक्या सहज नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे पुढे काही करू नये म्हणून आधीच डांबून ठेवण्याला, मात्र याच कलमाने चोवीस तासांच्या नियमातून वगळलं.

नियम घटनेत गेला, तरी घड्याळ कधी सुरू होतं हा प्रश्न उरलाच. समजा, मंगळवारी रात्री नऊला एकाला घरून ‘जरा चौकशीला या’ म्हणून ठाण्यात नेलं. तो रात्रभर बाकावर बसून आहे, फोन काढून घेतलाय, उठून जाता येत नाही. अटक पंचनाम्यावर वेळ पडते बुधवारी दुपारी दोनची आणि गुरुवारी साडेअकराला त्याला कोर्टात आणतात. कागदावर साडेएकवीस तास, प्रत्यक्षात साडेअडतीस. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 मध्ये कस्टम्सच्या एका प्रकरणात सांगितलं की, माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथेच अटक सुरू होते. अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ लिहिली, यावर ते ठरत नाही. मंगळवारची रात्र सिद्ध करायची तर ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज आणि मोबाइलचं लोकेशन कामी येतं. फुटेज कायमचं राहत नाही, म्हणून वकील ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच तारखेला देतो.

अटक पंचनाम्यालाही इतिहास आहे. पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू यांनी 1986 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि 1996 मध्ये निकाल आला. अटकेची तारीख-वेळ लिहायची, घरचा माणूस किंवा परिसरातला प्रतिष्ठित नागरिक साक्षीदार म्हणून घ्यायचा, अटक झालेल्याची सही घ्यायची, हे त्यातून आलं. पुढे ते संहितेत शिरलं आणि आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. चोवीस तासांचा नियम त्या संहितेच्या कलम 58 मध्ये आहे.

कोर्टात पोचल्यावर दंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ हा प्रश्न मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांच्या मारहाणीतून आला. पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये आदेश दिला: दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला छळाबद्दल विचारावं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगावं. त्याआधी डिसेंबर 1980 मध्ये, बिहारमधल्या भागलपूरच्या आंधळ्या केलेल्या कैद्यांच्या खटल्यात, पहिल्या हजेरीपासूनच मोफत वकील द्यायला हवा असं ठरलं होतं. माझ्या मते आज हा प्रश्न बऱ्याचदा नुसता उरकला जातो. ज्या पोलिसाने रात्रभर सांभाळलं तोच शेजारी उभा, आणि पोलीस कोठडी मिळाली तर परत त्याच्याचबरोबर जायचं. अशा वेळी ‘तक्रार नाही’ या उत्तराला कितीसा अर्थ? मग मेडिकलचा कागद पाहावा लागतो. तपासणीची वेळ, अंगावरच्या खुणा आणि पंचनाम्यावरची वेळ यांचा मेळ बसत नसेल, तर दंडाधिकाऱ्यांना पुढचं विचारता येतं.

अगदी अलीकडची भर कारणांची आहे. अटकेचं कारण तोंडी सांगितलं, एवढी नोंद पूर्वी बहुधा चालून जायची. नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. ऐनवेळी शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. तो पडला नाही, तर अटक आणि त्यावर दिलेली कोठडी दोन्ही बेकायदा ठरतात. खटला मात्र तेवढ्याने संपत नाही. लेखी कारणं देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.