कोठडीतला मृत्यू आणि रिटमधून भरपाई : पार्श्वभूमी

पोलिसांनी जप्त केलेले सोने ठाण्याच्या मालखान्यातूनच गेले, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला, तरी सरकार काही देणे लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरवले. कारण अटक आणि जप्ती ही म्हणे राज्याची सार्वभौम कामे. ज्या कामात माणूस सर्वांत जास्त भरडला जातो, नेमके तेच काम दाव्यातून वगळले गेले.

१९८३ मध्ये रिटची, म्हणजे मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात करायच्या याचिकेची, वाट उघडली. बिहारमधला एक कैदी जून १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही ऑक्टोबर १९८२ पर्यंत तुरुंगात राहिला. न्यायालयाने त्याला एकूण पस्तीस हजार रुपये देवविले. तिथे वाद घालण्यासारखे काही नव्हते, दोन्ही तारखा सरकारी दप्तरातच होत्या.

खरी कसोटी लागली ती ओडिशातल्या प्रकरणात. १ डिसेंबर १९८७ ला सकाळी बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी उचलले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे प्रेत रेल्वे रुळांवर सापडले. पोलीस म्हणाले, बांधलेला दोर दातांनी कुरतडून तो रात्री पळाला आणि गाडीखाली आला. आईने न्यायालयाला पत्र लिहिले, तेच याचिका म्हणून दाखल झाले. रिटमध्ये वादातल्या वस्तुस्थितीचा सहसा निवाडा होत नाही, म्हणून जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली गेली. त्यांनी साक्षीपुरावे घेतले. जखमा लाठीच्या माराने होऊ शकतात, असे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. पळून जाण्याची कथा टिकली नाही. १९९३ च्या निकालात आईला दीड लाख रुपये मिळाले.

या निकालाने १९६४ चा निकाल मात्र रद्द केला नाही. तो दिवाणी दाव्यापुरता, मूलभूत हक्काच्या भंगाला सार्वभौमत्वाची ढाल लागूच होत नाही, अशी वाटणी केली. मला ती अर्धवट वाटते, कारण मार तोच आणि मारणाराही तोच, फक्त कागद वेगळा. वकील मात्र तिचा फायदा घेतात: आधी रिट, मग दाव्यात जादा रक्कम. रिटमध्ये मिळालेले पैसे त्या रकमेतून वजा होतात.

कोल्हापूरकरांना या रिटसाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच इथेच बसते आणि साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. अंतर कमी झाले, पुराव्याचे ओझे नाही. २००६ च्या एका निकालानुसार मारहाणीचा आरोप असेल, पण अंगावर खुणा किंवा वैद्यकीय कागद नसतील, तर रिटमध्ये भरपाई सहसा मिळत नाही, दिवाणी किंवा फौजदारी मार्ग दाखवला जातो. म्हणून अटकेनंतर पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभे करतात तेव्हाच मारहाणीची तक्रार नोंदवून घेणे आणि वैद्यकीय तपासणी मागणे, हे पुढच्या याचिकेचे पहिले पान ठरते.