आपटा, कांचन आणि ती तिरकी अक्षरं

दसरा आला की नाशिकच्या बाजारात आपट्याच्या जुड्या येतात आणि त्यात बऱ्याचदा कांचनच्या फांद्याही खपवल्या जातात. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड येतो, 'आपटा म्हणजे *बाउहिनिया*, म्हणून सायंटिफिकली प्रूव्हन औषधी'. अहो, लॅटिन नाव तर विषारी धोतऱ्यालाही आहे, त्याने कसला पुरावा मिळतो!

आणि नुसतं *बाउहिनिया* म्हटलं तर त्यात आपटाही आला, कांचनही आला, कारण ही झाली प्रजाती. हे नाव योहान आणि कास्पार बाउहिन या दोन स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून पडलं. पानाचे दोन सारखे भाग आणि एकाच घरातले दोन भाऊ, हा मेळ झाडांना दोन शब्दांची नावं द्यायची रीत रुजवणाऱ्या लिनिअसला भारी आवडला होता.

पुढचा शब्द जातीचा. आपटा *बाउहिनिया रॅसिमोसा*, म्हणजे फुलं मंजरीत येणारा. कांचन *बाउहिनिया व्हॅरिएगाटा*, म्हणजे रंगीबेरंगी, त्याची फुलं मोठी आणि गुलाबी-पांढरी. पण दसऱ्याला जुडीत फुलं कुठली, तेव्हा पान बघा: आपट्याचं लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनचं चांगलं मोठं.

आता तिरकी अक्षरं. नाव लॅटिन धरलं जातं आणि परक्या भाषेतला शब्द इटॅलिकमध्ये छापायची छापखान्याची जुनी रीत आहे, त्यामुळे ते आजूबाजूच्या मजकुरातून लगेच वेगळं दिसतं. वहीत आपण खाली रेघ मारतो ना, तीही मुळात छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला 'हे इटॅलिक कर' असं सांगायची खूण. इंग्रजी लिपीत पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसरा शब्द पूर्ण स्मॉल, आणि नाव पुन्हा आलं की पहिल्या शब्दाचं नुसतं आद्याक्षर लिहिलं तरी चालतं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती मागच्या शेपटीची. आपट्याच्या नावापुढे 'लाम.' लिहितात, सरळ अक्षरात, कारण तो लॅटिन नावाचा भाग नाही. हा लामार्क, शाळेतल्या जिराफाच्या मानेवालाच, त्याने 1785 मध्ये आपट्याला हे नाव दिलं. पुढे बेंथम या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने आपटा *पिलिओस्टिग्मा* या वेगळ्या प्रजातीत टाकला. तेव्हा नाव झालं *पिलिओस्टिग्मा रॅसिमोसम*, पुढे कंसात लाम. आणि कंसाबाहेर बेंथ. म्हणजे कंसातल्याने जात पहिल्यांदा नोंदवली आणि बाहेरच्याने तिची प्रजाती बदलली. आणि 'रॅसिमोसा'चं 'रॅसिमोसम' का, तर लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, *बाउहिनिया* स्त्रीलिंगी आणि *पिलिओस्टिग्मा* नपुंसकलिंगी. डोकं फिरलं असेल तर एवढंच धरा की नावाचा शेवट बदललेला दिसला म्हणून झाड वेगळं समजू नका, आधी कंसातलं नाव बघा.