ताबा लांबला तर भरलेल्या हप्त्यांवर व्याज: काकांच्या पत्रामागची गोष्ट

आमच्या काकांनी इंदूरला बिचोली मर्दानाकडे फ्लॅट बुक केलाय, एग्रीमेंटमधली ताब्याची तारीख उलटून 14 महिने झाले आणि साइटवर अजून लिफ्टसुद्धा बसलेली नाही. लोकमान्य नगरच्या भाड्याच्या घरात बसून त्यांनी बिल्डरला पत्र लिहिलं, पहिल्या मसुद्यात नुसतंच “योग्य ती भरपाई द्यावी” असं होतं. मी म्हटलं काका, एवढ्यावर थांबू नका, व्याजाचा आकडा मांडून मागा, कारण हा हक्क लोकांना खूप वर्षं भांडून मिळालाय.

आधी अशी सोयच नव्हती. 1986 चा ग्राहक कायदा आला तेव्हा घर बांधून देणं ही “सेवा” आहे की नाही इथूनच वाद होता. 1993 मध्ये कायद्यात घरबांधणी हा शब्द घातला गेला आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने लखनऊ विकास प्राधिकरणाच्या केसमध्ये सांगितलं की हो, ही सेवाच आहे, उशीर म्हणजे सेवेतली कमतरता. मग ग्राहक मंच सरसकट 18 टक्के व्याज देऊ लागले, तर 2004 मध्ये गाझियाबाद प्राधिकरणाच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की असा एकच दर सगळ्यांना लावू नका, ज्याचं जेवढं नुकसान तेवढं बघा. म्हणजे हक्क होता पण किती मिळेल ते प्रत्येकाने वेगळं सिद्ध करायचं, आणि बिल्डरच्या छापील एग्रीमेंटमध्ये मात्र तुमचा हप्ता चुकला तर 18 टक्के आणि त्याचा उशीर झाला तर स्क्वेअर फुटाला महिन्याला 5 रुपये, असली कलमं सर्रास असायची.

हा एकतर्फीपणा 2016 च्या रेरा कायद्याने, म्हणजे बांधकाम प्रोजेक्ट आणि बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने मोडला, त्यातली बिल्डरवर बंधनं घालणारी कलमं 1 मे 2017 पासून लागू झाली. कलम 18 सांगतं की तारीख चुकली तर तुम्ही प्रोजेक्टमधून बाहेर पडून व्याजासकट पैसे परत घेऊ शकता, आणि फ्लॅट हवाच असेल तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. आणि व्याजाच्या व्याख्येत लिहिलंय की बिल्डर तुमच्याकडून जो दर घेईल तोच त्यानेही द्यायचा. स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे कर्जाच्या व्याजाचा आधारदर, अधिक 2 टक्के हा हिशोब बहुतेक राज्यांच्या नियमांत आहे, पत्र लिहायच्या दिवशी आपल्या राज्याचा नियम आणि त्या दिवशीचा दर दोन्ही बघून घ्यायचे.

काकांचा हिशोब असा. ताब्याच्या तारखेपर्यंत त्यांनी 24 लाख भरलेले, दर 10.75 टक्के धरला तर महिन्याचे 21,500, 14 महिन्यांचे 3,01,000. तारखेनंतर पाच महिन्यांनी अजून 2 लाखांचा हप्ता दिला, त्यावर तो भरल्यापासूनचे नऊच महिने मोजायचे, ते 16,125. एकूण 3,17,125. आता हेच एग्रीमेंटच्या 5 रुपयांनी 1,050 स्क्वेअर फुटांचं काढलं तर 73,500 होतात, फरक बघा! म्हणून प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम आणि पावती नंबर पत्राला जोडायचा, एकच एकूण आकडा टाकला की बिल्डर तिथेच अडवतो.

दुसरी गोष्ट ज्यात लोक हमखास गडबड करतात. व्याज आणि भरपाई वेगळ्या आहेत. व्याजाचा आदेश रेरा प्राधिकरण देतं, आणि घरभाडं, मनस्ताप वगैरेची भरपाई रेरातलाच वेगळा न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो, 2021 मध्ये न्यूटेक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ही वाटणी स्पष्ट केली. तेव्हा काकांच्या पत्रात आता दोन परिच्छेद आहेत, वर व्याज आणि खाली भाड्याच्या पावत्यांसकट भरपाई, पुढे तक्रार करायची वेळ आली तर हेच कागद कामी येतील.

बिल्डरचं तोंडी उत्तर आलंय की रेराकडून तारीख वाढवून घेतलीय. ती तारीख प्रोजेक्टच्या नोंदणीची, काकांच्या एग्रीमेंटची नाही. मुंबई हायकोर्टाने 2017 मध्ये नीलकमल केसमध्ये हेच म्हटलंय की कलम 18 चा उशीर एग्रीमेंटमधल्या तारखेपासून मोजायचा. हे वाक्य काकांनी पत्रात घातलं आणि शेवटी लिहिलं की मी फ्लॅट सोडत नाहीये, ताबा घेताना “माझं काही येणं नाही” अशा कागदावर सही करणार नाही. पत्र स्पीड पोस्टने गेलंय, पोचपावती फाइलमध्ये लावलीये.